मुख्याध्यापकांमार्फत

पांढरकवड्याकडच्या एका आश्रमशाळेच्या इंग्रजी बालसंरक्षण धोरणाचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलं, ते कापसाचे वाईट दिवस होते. आईबाप पोरींना वसतिगृहात ठेवून मजुरीला बाहेर जात. त्या पोरींसाठी हे कागद होते.

मी तशी तापट. पहिल्याच बैठकीत मुख्याध्यापकांशी वाजलं. ते म्हणाले, "मॅडम, 'लैंगिक अत्याचार' काहून लिहून राह्यल्या? 'गैरवर्तन' लिहा ना." मी म्हटलं, "सर, गैरवर्तन म्हणजे वर्गात गोंधळ घालणं. आणि 'अब्रू' तर कुठंच नको. अब्रू गेली तर त्या माणसाची जाईल, पोरीची कायले?" ते हसले, मान्य केलं.

सगळ्यात जास्त जीव मी एका कलमात ओतला. असं काही घडलं, किंवा घडू शकतं असं ज्याला वाटलं, त्यानं स्वतः थेट पोलिसांना कळवायचं. पुरावा शोधायचा नाही, मुलीची उलटतपासणी करायची नाही. न कळवणं हाच गुन्हा. कुणाच्याही वहिनीला, आजीला वाचून दाखवलं तरी समजेल इतकं सोपं केलं होतं.

छापून आलं तेव्हा त्यात भर होती: 'खात्री करून, मुख्याध्यापकांमार्फत'. माझं डोकंच फिरलं. फोन केला, तर सर शांतपणे म्हणाले, "एक टप्पा सुटला होता मॅडम, मी टाकला." त्या शाळेत खडूची पेटी लागली तरी अर्ज मुख्याध्यापकांमार्फत जायचा. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी माझी चूक दुरुस्त केली. वाटलेले कागद परत घ्या म्हणून मी भांडले. ते 'बघू' म्हणाले.

त्याच आठवड्यात सहावीतल्या एका मुलीनं वसतिगृहाच्या अधीक्षिकेला शिपायाबद्दल सांगितलं. बाई भली, पण नवीन. तिनं कागद काढला, वाचला आणि मुख्याध्यापकांकडे गेली. त्यांनी खात्री करायला शिपायाला बोलावलं आणि त्याच्यासमोरच मुलीला विचारलं. मुलगी गप्प राहिली. सरांनी बापाला बोलावलं. बाप आला आणि मुलीला घेऊन गेला.

मग बाईचा मला फोन आला. "मॅडम, मी कागदात होतं तसंच केलं. चुकलं का माझं?" मी तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. गुन्हा नोंदला गेला. पोलीस गावात पोचले तर घराला कुलूप. कुटुंब तेलंगणाकडं कामाला गेलं, एवढंच शेजारी सांगत होते. मुलगी सापडली नाही, जबाब झाला नाही. शिपायाला जामीन मिळाला.

आपण काही थांबवू शकू असं मला त्यानंतर कधी वाटलं नाही. शाळा चालवणाऱ्या संस्थेनं शिपायाची बदली केली, आपल्याच दुसऱ्या आश्रमशाळेत. मी तिथं गेले होते. मुलींच्या वसतिगृहाच्या दारात माझं भाषांतर लावलेलं आहे, त्या भरीसकट, आणि दार उघडायला तोच आला.