पत्ता बदलला की बटण गायब

सांगलीच्या एका शिक्षिकेची नजर अधू झाली होती. मुलांनी टाइप केलेली उत्तरं त्यांना वेबसाइटवर तपासावी लागत, म्हणून साताऱ्यात बसून मी त्यांच्या ब्राउझरसाठी एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, लिहिलं. ते प्रत्येक उत्तराशेजारी 'ऐका' असं बटण लावायचं; ते दाबलं की उत्तर मोठ्याने वाचलं जायचं.

महिन्याभराने त्यांच्या घरी गेलो, तर प्रत्येक उत्तरानंतर त्या पान रिफ्रेश करत होत्या.

"असं का करताय?" मी विचारलं.

"पुढच्या मुलावर गेलं की बटण जातं. माझंच कायतरी चुकत असंल म्हणून तुमाला सांगितलं न्हाई."

मी ओशाळलो. चूक माझी होती. पुढच्या मुलावर गेलं की ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला वेबपत्ता बदलायचा, पण पान नव्याने लोड होत नसे आणि बटण लावणारी माझी स्क्रिप्ट पान लोड होतानाच एकदा चालायची. तिथेच बसून मी एक्स्टेन्शनच्या पडद्यामागे चालणाऱ्या भागाला पत्त्यावर लक्ष ठेवायला लावलं. पत्ता बदलला की तो स्क्रिप्टला कळवायचा, मग नवं उत्तर पानावर येईपर्यंत थांबून ती बटण पुन्हा लावायची.

बाईंनी रिफ्रेश न करता सलग पाच उत्तरं ऐकली. सहावं संपल्यावर म्हणाल्या, "ह्या पोरीनं लय छान लिहिलंय."