सरदाराचा हुकूम आणि नातीचा चहा

नातीच्या चहावर साय धरली होती. निबंध संपल्याशिवाय घोट घेणार नाही, असं तिनेच जाहीर केलं होतं. निबंध उद्या दिला नाही तर ती नापास.

नाटकातल्या सरदाराचा नाश कशाने झाला, हे लिहायचं होतं. पहिल्यांदा तिने ‘तो गर्विष्ठ होता’ एवढंच लिहिलं, म्हणून सरांनी परत दिला.

“आजी, तो दुष्ट नाही गं. शब्द फिरवत नाही म्हणूनच लोक त्याला मानतात. शत्रू बाहेर आहे, तेव्हा पहाटेपर्यंत किल्ल्याचं दार उघडायचं नाही, हा त्याचाच हुकूम. त्याने किल्ला वाचतो. पण त्याचाच जखमी मुलगा दाराशी येतो, तरी तो हुकूम मोडत नाही. पहाटे प्रेत बघून त्याला कळतं, आपणच मारलं.”

“नशीब त्याचं.”

“छे! दार उघडणं त्याच्या हातात होतं ना?”

खरं होतं. माणसाचे गुण एका डब्यात आणि दोष दुसऱ्यात, असं नसतं. ज्याच्या जोरावर तो चढतो, त्यानेच पडतो.

मी चहा गरम करून आणला.

“म्हटलं ना, संपल्यावर!”

हा हट्ट तिला उद्या पास करील. आणि कधीतरी हाच तिला नडेलही. चहा मीच पिऊन टाकला.