पाठ असलेला कोड

चूक माझीच होती. ती न तपासताच मी एका भल्या माणसाशी खोटं बोललो.

आमच्या छोट्या सहकारी बँकेच्या दौंड शाखेत, चेअरमनच्या हसऱ्या फोटोखाली, ‘आधुनिक बँकिंग, आपल्या दारी’ असं लिहिलंय. आधुनिक म्हणजे असं, की आमच्या बँकेला पैसे थेट बाहेर पाठवता येत नाहीत. शाखेची फाईल शिरूरला हेड ऑफिसात जाते, तिथून एका मोठ्या बँकेकडं, आणि ती बँक पुढं पाठवते. दुपारी तीननंतर दिलेलं काम उद्यावर. एका बँकेतून दुसरीत पैसे पाठवायची एनईएफटी रात्रंदिवस चालते, आमची फाईल मात्र ऑफिसच्या वेळेत चालते. ही पाटी कुणी लावली नाही.

केडगावचे एक बेकरीवाले चाचा एका गुरुवारी असेच तीननंतर आले. पुण्याच्या जुन्या मशिनरीच्या व्यापाऱ्यानं रमजानआधी त्यांच्यासाठी एक ओव्हन राखून ठेवला होता, शनिवारपर्यंतच; तोवर त्याला पैसे पोचायला हवे होते. चाचांनी व्यापाऱ्याचा मोबाइलवर आलेला नवा आयएफएससी कोड दाखवला. मी पाहिलासुद्धा नाही. त्या व्यापाऱ्याला मी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांचे पैसे पाठवतोय, कोड पाठ आहे, या तोऱ्यात जुनाच टाकला. त्याची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती आणि जुने कोड नुकतेच बंद झाले होते. आज पैसे जाणार नाहीत, हेही मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाचा काउंटरवर आले. मी म्हणालो, आमच्याकडून गेले, मोठ्या बँकेचा घोळ आहे. आम्हा छोट्या बँकवाल्यांचं हे आवडतं वाक्य. तपासायची गरज पडत नाही.

“साहेब, माझ्या खात्यातनं गेलं, त्याच्याकडं पोचलं न्हाई. मंग मधी हायत कुठं?”

मी पावतीवरच्या आमच्या नंबराकडं बोट दाखवलं. तो नंबर फक्त आमच्या बँकेत चालतो. पैसे खरंच पुढं गेलेत का, हे यूटीआर नंबरावरून कळतं, आणि तो मी मागितलाच नव्हता.

शनिवारी दुपारी एकदाचा शिरूरला फोन केला. तिथला क्लार्क थंडपणे म्हणाला, “त्ये कालच परत आलंय की. कोड चालत न्हाई. हितं हेड ऑफिसच्या खात्यात पडलंय.” ते चाचांच्या खात्यात जमा करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मी ते जमा करायला लावलं, पण तोवर ओव्हन दुसऱ्याच्या टेम्पोत चढला होता.

रविवारी केडगावला गेलो. चाचा जुन्या भट्टीत खारीचे ट्रे सरकवत होते. चहा मागवतो म्हणाले. मी नको म्हणालो.

“चाचा, पैसे कुठं अडकले नव्हते. तुम्ही दिलेला कोड मी टाकलाच नाही. आन् न बघताच मोठ्या बँकेचं नाव सांगितलं. तुमचा ओव्हन माझ्यामुळं गेला. मला माफ करा.”