पंधरा रुपये नव्वद पैसे

मिरकरवाड्याच्या बंदरावर एका मच्छीमार सोसायटीत महिपत शिवलकर यांनी अडतीस वर्षे एकच काम केले: पट्ट्या लिहिणे. लिलावात मासळी किती रुपयांना गेली, त्यातून दलाली किती, बर्फ किती, हमाली किती वजा झाली आणि होडीवाल्याच्या हाती काय उरले, हे सांगणारा अरुंद कागद म्हणजे पट्टी. निवृत्तीनंतर पट्ट्या लिहिणे थांबले, परंतु वाचणे थांबले नाही. दुपारी चारच्या सुमारास भागोजीच्या चहाच्या टपरीशेजारी एका उलट्या लाकडी खोक्यावर ते बसत आणि ज्याला आपल्या पट्टीची शंका असेल तो ती त्यांच्यापुढे धरी. बर्फाच्या दोन पाट्या जास्त लागल्या आहेत, हमाली दोनदा धरली आहे, असे ते चष्मा न काढता सांगत. या कामाचे ते पैसे घेत नसत. चहा घेत, आणि तोही बिनसाखरेचा, कारण साखरेबद्दल डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदात त्यांना अद्याप चूक सापडली नव्हती.

त्यांच्या थोरल्या बहिणीने, ठमाबाईंनी, एका मंगळवारी शेअर विकले. नवऱ्यामागे दोन होड्या चालवणाऱ्या या बाईंनी कधीकाळी घेतलेले एका कंपनीचे चारशे शेअर अडीचशेच्या भावाने गेले. म्हणजे बरोबर एक लाख. त्या व्यवहाराची काँट्रॅक्ट नोट, म्हणजे शेअरबाजाराची पट्टीच, ई-मेलने आली. ती उघडायला पासवर्ड लागतो, म्हणून मुंबईतल्या सर्वेशने, ठमाबाईंच्या मुलाने, ती उघडून तिच्या आकड्यांच्या पानाचा स्क्रीनशॉट मामाच्या फोनवर पाठवला आणि खाली लिहिले, ‘मामा, एकदा नजर टाक.’

असे वाक्य महिपतरावांना लिहिणे म्हणजे ओहोटीच्या वेळी होडी वाळूवर चढवून ठेवण्यासारखे होते. भरती येईपर्यंत ती हलत नाही, आणि महिपतरावांची नजरही एकदा टाकली की कागदावरून हलत नसे.

त्यांनी स्क्रीनशॉट बोटांनी मोठा केला आणि जुन्या पट्टीच्या कोऱ्या पाठीवर आकडे उतरवून घेतले. दलाली पाचशे. बाजाराचे व्यवहार शुल्क दोन रुपये सत्त्याण्णव पैसे. सेबीचे शुल्क दहा पैसे. रोखे व्यवहार कर, ज्याला सगळे एसटीटी म्हणतात, शंभर. मुद्रांक शुल्काच्या जागी शून्य, कारण ते विकणाऱ्याला लागत नाही. जीएसटी नव्वद रुपये छप्पन्न पैसे. सगळे वजा जाता येणे रक्कम नव्याण्णव हजार तीनशे सहा रुपये सदतीस पैसे. बेरीज-वजाबाकी चोख होती, आणि याचे त्यांना थोडे वाईटच वाटले.

मग मासा लागला. पाचशेच्या दलालीवर अठरा टक्क्यांनी जीएसटी नव्वद होतो. छप्पन्न पैसे कुठून आले? आणि गुरुवारी ठमाबाईंच्या पासबुकात रक्कम पडली ती नव्याण्णव हजार दोनशे एक्याण्णव रुपये तीन पैसे. नोटेपेक्षा पंधरा रुपये चौतीस पैसे कमी. दोन्ही मिळून पंधरा रुपये नव्वद पैसे.

त्या दुपारी खोक्याभोवती गर्दी होती. महिपतरावांनी स्क्रीनशॉट सर्वांना दाखवला.

“शेअरवाले म्हणजे मोठे लोक, असं तुम्ही समजता. ही पट्टी बघा. पंधरा रुपये नव्वद पैसे खाल्लेत. आत्ता त्यांच्या कार्यालयात जाऊन विचारतो.”

“पंधरा रुपयांसाठी रिक्षाने जाणार काय?” भागोजीने विचारले. “रिक्षाचे चाळीस होतील.”

“चालत जाईन. आणि हे पैसे परत आणले नाहीत, तर उद्यापासून या खोक्यावर बसून एकही पट्टी तपासणार नाही.”

शब्द तोंडून गेला तेव्हा त्याचे वजन त्यांना कळले नाही. भागोजीला कळले, त्याने खोक्याकडे असे पाहिले, जणू उद्यापासून त्यावर बरण्या ठेवता येतील. महिपतरावांच्या दिवसात मात्र चार वाजता दुसरे काहीच नव्हते.

मारुती मंदिराजवळ पहिल्या मजल्यावर ब्रोकरच्या एजंटाचे कार्यालय होते. ठमाबाई सोबत आल्या, कारण खाते त्यांचे होते आणि भावाचा स्वभाव माहीत होता. ऋतिका नावाची मुलगी टेबलामागे होती. महिपतरावांनी फोन तिच्यापुढे ठेवला आणि पावसाळी अधिवेशनात ठराव मांडावा तसे दोन मुद्दे मांडले.

ऋतिकाने ऐकून घेतले.

“काका, जीएसटी फक्त दलालीवर नसतो. बाजाराच्या शुल्कावर आणि सेबीच्या शुल्कावरही असतो. पाचशे तीन रुपये सात पैशांवर केंद्राचे आणि राज्याचे नऊ-नऊ टक्के काढा.”

महिपतरावांनी काढले. पंचेचाळीस अठ्ठावीस, दोनदा. नव्वद छप्पन्न. त्यांनी पेन्सिल हळूच खाली ठेवली.

“आणि पंधरा चौतीस?”

“ते डीपीचं, म्हणजे डिमॅट खातं सांभाळणाऱ्याचं शुल्क. शेअर डिमॅट खात्यातून बाहेर गेले ना, त्याचे तेरा रुपये आणि त्यावरचा जीएसटी. ते काँट्रॅक्ट नोटेत येत नाही, खात्याच्या लेजरमध्ये वेगळं पडतं. हे बघा.” तिने पडदा त्यांच्याकडे वळवला.

ओळ तिथे होती. अडतीस वर्षांत प्रथमच महिपतराव एखाद्या ओळीकडे ती तिथे नसावी अशा आशेने पाहत होते. खोके गेले, एवढेच त्यांच्या मनात होते.

“झालं तुझं?” ठमाबाईंनी विचारले. “मग मी विचारते. पोरी, दलाली किती लावलीनी?”

“पाचशे, आक्का. ती बरोबर आहे, वरच लिहिलेली आहे,” महिपतराव म्हणाले.

“लिहिलेली हाय म्हणून बरोबर काय रे? खातं उघडताना तीस पैसे सांगितलेले मला. शंभराला तीस पैसे. दोन तास भांडून आणलेले.”

इथे महिपतरावांच्या आयुष्याविषयी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. त्यांच्या सोसायटीच्या पट्टीवर दलालीचा दर छापलेला असे. तो आकडा त्यांनी कधी लिहिला नाही, म्हणून कधी वाचलाही नाही. त्यांची नजर नेहमी बर्फापासून सुरू होई. ठमाबाई पट्टीच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्या दर हंगामाच्या आरंभी दलालीवरच भांडत, आणि बर्फाकडे पाहतही नसत.

ऋतिकाने खात्याच्या दरपत्रकाचा कागद उघडला. तिथे ०.३० टक्के होते. गेल्या महिन्यात नव्या संगणकप्रणालीत खाती हलवताना या खात्याला सरसकट ०.५० टक्क्यांचा दर लागला होता. तिने मुख्य कार्यालयाला फोन केला आणि वीस मिनिटांनी सांगितले, “दलालीचे दोनशे आणि त्यावरचा जीएसटी छत्तीस, असे दोनशे छत्तीस रुपये उद्या तुमच्या खात्यात जमा होतील. माफ करा, आजी.”

“माफ केलं. पण पुढच्या नोटेला तीसच लाव.”

दोघे जिना उतरू लागले.

“दोनशे छत्तीस आणलेस की,” ठमाबाई म्हणाल्या.

“मी पंधरा नव्वद म्हणालो होतो. ते नाही आले.”

“मग?”

“शब्द दिलाय भागोजीच्या देखत. उद्यापासून तपासणार नाही.”

“नको तपासू. मेल्या, तुला तपासता येतं कुठे?”

दुसऱ्या दिवशी चार वाजता भागोजी खोक्यावर बरण्या मांडत होता, तेव्हा ठमाबाई आल्या, त्यांनी बरण्या बाजूला केल्या आणि स्वतः खोक्यावर बसल्या. शेजारी जमिनीवर, पाट टाकून, महिपतराव बसले. पहिली पट्टी आली. ठमाबाईंनी ती हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली आणि भावाकडे दिली.

“माझा चष्मा घरी राहिला. नुसतं वाचून दाखव. तपासू नको.”

महिपतरावांनी घसा साफ केला आणि सवयीने बर्फापासून सुरुवात केली.

“वरून,” ठमाबाई म्हणाल्या.

महिपतरावांनी बोट कागदाच्या माथ्याला नेले आणि छापलेला दलालीचा दर मोठ्याने वाचला.