नगराध्यक्षांचं वाक्य, जसंच्या तसं

कचेरीत तिला कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे 'जपूनताई' म्हणत. कारण सोपं होतं. तिच्या टेबलावरून बातमी पुढे सरकताना तिच्या तोंडून एकच निघायचं, "जपून हं." चहाचा कप पुढे केला तरी तेच, जिना उतरणाऱ्यालाही तेच.

भित्री होती हो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. गॅसचं बटण बघायचं, दाराला कुलूप लावायचं, लावलेलं कुलूप ओढून बघायचं आणि जिन्यावरून परत येऊन तेच कुलूप पुन्हा ओढायचं. नवरा म्हणायचा, "अगं, एक दिवस ते कुलूप तुझ्या हातात येईल, मग बस रडत." पण पेपरच्या डेस्कवर हाच भित्रेपणा कामाला येतो. मेलेल्याच्या जागी जिवंत माणसाचा फोटो जाणार होता, तो तिने पकडला. आरोपीच्या ऐवजी फिर्यादीचं नाव जाणार होतं, ते तिने पकडलं. संपादक म्हणायचे, "जपूनताई रजेवर असल्या की मला झोप लागत नाही."

तर अशा बाईच्या हातून घोळ झाला. तोही घाबरून.

झालं असं. पाणीपुरवठा खात्यात एक तरुण इंजिनीअर होती. नव्या जलवाहिनीचं काम पूर्ण झाल्याचा दाखला तिच्या सहीने निघायचा होता. वाहिनीत पाणी दाबाने सोडून बघितलं तर जोड गळत होते, म्हणून तिने सही केली नाही. नगराध्यक्ष स्वतः पंपघरात आले आणि चार माणसांदेखत तिला वाट्टेल ते बोलले. तिथल्या जुन्या पंपचालकाने खिशातल्या खिशात मोबाइल चालू ठेवला होता. ते रेकॉर्डिंग त्याने पेपरच्या बातमीदाराला दिलं. देताना हात जोडले, "आवाज बाहेर सोडू नका साहेब. पंपाच्या आवाजावरून कळेल कोण कुठे उभा होता. माझी नोकरी जाईल." बातमीदाराने शब्द दिला.

जपूनताईने कानाला हेडफोन लावला आणि ऐकलं. मधेच तो काढून टेबलावर ठेवला, विंचू ठेवावा तसा. बातमीदाराने वाक्य जसंच्या तसं लिहून दिलं होतं. तिने ते खोडलं आणि लिहिलं, 'नगराध्यक्षांनी महिला अभियंत्याला अपशब्द वापरले.'

"ताई, एवढंच?" बातमीदार म्हणाला.

"घराघरांत जातो पेपर. पोरंबाळं वाचतात. नको बाबा, जपून."

आणि खरं सांगायचं तर पोरंबाळं हे निमित्त होतं. तिला भीती वाटली होती ती नगराध्यक्षांची. गुळगुळीत शब्द घातला की कोणाला काही खुपणार नाही, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नगराध्यक्षांनी पत्रकारांना बोलावलं. पेपर उंच धरला आणि हसत हसत म्हणाले, "मी त्या बाईंना कामचुकार म्हणालो. बस्स. कामचुकार हा अपशब्द आहे का? असेल तर मी माफी मागतो. नसेल तर पेपरने मागावी. आणि हिंमत असेल तर मी काय बोललो ते छापून दाखवावं." लोक हसले. नगराध्यक्षांना पक्कं ठाऊक होतं, असलं वाक्य कोणी छापत नाही. आपल्या सगळ्यांच्या सभ्यतेच्या आड तो माणूस आरामात उभा होता!

तासाभरात वकिलाची नोटीस आली. बिनशर्त माफी, नाहीतर बदनामीचा दावा. मागोमाग बातमीदार धापा टाकत आला. इंजिनीअरला खात्याने पत्र दिलं होतं: वरिष्ठांवर पेपरातून खोटे आरोप केल्याबद्दल निलंबन का करू नये? सुनावणी उद्या दुपारी.

जपूनताईच्या एका शब्दाने त्या पोरीला खोटं पाडलं होतं. पेपरच्या मालकांचा फोन संपादकांना येऊन गेला होता, हा शब्द कोणी घातला म्हणून. कोणी विचारायच्या आत ती संपादकांच्या खोलीत गेली.

पेपरचे वकील आधीच बसलेले होते. ते म्हणाले, "अपशब्द म्हणणं हे तुमचं मत झालं, आणि ते तुम्हाला सिद्ध करावं लागतं. त्यांचं वाक्य छापलं तर ते त्यांचं. मात्र ते तसंच्या तसं हवं, कानामात्रा इकडेतिकडे नको."

संपादकांनी तिला आणि बातमीदाराला वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. दोघांनी रेकॉर्डिंग ऐकून आपापला कागद लिहायचा, मग ताडून बघायचा. या खेपेला जपूनताईने हेडफोन काढला नाही. रडत होती, पण लिहीत होती. कागद जुळले.

त्यावर होतं: 'ए रां—, मला नियम शिकवतेस? कुणाकुणाच्या अंथरुणात निजून ही खुर्ची मिळवलीस ते सांग आधी. सही कर, नाहीतर तुला घरी कशी बसवायची ते मला ठाऊक आहे.' पहिला शब्द दोघांनीही पूर्ण लिहिला होता. रेघ मी मारली आहे, ती का ते पुढे कळेल.

संपादकांनी कागद वाचला. "काल आपण 'अपशब्द' लिहिलं," ते म्हणाले, "आणि त्यात धमकी गिळली."

ते 'आपण' म्हणाले. जपूनताईला त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

मग खल सुरू झाला. नुसती शिवी असती तर ती सांगायची गरज नव्हती, रागाच्या भरात लोक बोलतात. पण इथे बोलणारा निवडून आलेला, कामाच्या जागी, सहीसाठी बोललेला. लोकांना त्याला जोखायचं असेल तर वाक्य कळलंच पाहिजे. सगळ्याच शब्दांवर रेघा मारल्या तर वाचणारा मनाने भलतंच भरणार, आणि ते त्या पोरीच्या माथी बसणार.

"आणि तिला विचारलंय का कोणी?" संपादक म्हणाले. "शहरभर जाणार ते तिच्याबद्दल आहे. ताई, तुम्ही जा."

"मी?" ती म्हणाली.

"तुम्हीच."

रिक्षात तिने दोनदा मागे वळून बघितलं. कोणी मागावर नव्हतं. तिसऱ्यांदाही बघितलं.

इंजिनीअरच्या घरी पुढच्या खोलीत तिचे वडील खुर्चीत बसले होते. टीव्हीवर नगराध्यक्ष हसत होते, आवाज बंद होता. मुलीने जपूनताईला आत नेलं आणि दार लावून घेतलं.

जपूनताईने आधी माफी मागितली. पोरगी म्हणाली, "काकू, तुम्हाला काय म्हणू? बाबांनी विचारलं, काय बोलला तो? मी म्हटलं, काही नाही. त्यांच्यासमोर जीभच उचलली नाही. आता त्यांना वाटतंय, खरंच काही नसेल. आज मला म्हणाले, बाळ, तू उगाच वाढवलंस का?" एवढं बोलून ती रडली. "उद्या सुनावणीत मला म्हणतील, बोला, काय म्हणाले साहेब? पाच पुरुषांसमोर मी ते बोलायचं?"

"उद्या त्यांचं सगळं वाक्य छापायचं म्हणतोय. छापू नका म्हणालीस तर नाही छापणार," जपूनताई म्हणाली आणि कागद तिच्या हातात दिला.

पोरीने कागद वाचला. "ती पहिली शिवी झाका. ती तर ते सगळ्यांनाच देतात. बाकीचं सगळं राहू द्या. लागलं ते बाकीचं."

जपूनताई कचेरीत परतली तेव्हा फाटकाबाहेर दोन मोटारसायकली उभ्या होत्या. त्यांच्यावरची माणसं काही बोलत नव्हती, नुसती बघत होती.

आता शेवटचं काम राहिलं होतं. छापण्याआधी समोरच्याचं म्हणणं घ्यावं लागतं, आणि तेही नेमकं वाक्य ऐकवून. बातमीदाराने फोनकडे हात नेला. जपूनताई म्हणाली, "थांब. घोळ माझा आहे."

नगराध्यक्षांच्या स्वीय सहायकाने फोन घेतला. तिने कागद टेबलावर दाबून धरला आणि सगळं वाक्य वाचून दाखवलं. आयुष्यात जे शब्द तिच्या ओठांवर आले नव्हते ते मोठ्याने, सगळ्या कचेरीच्या देखत. तो म्हणाला, "बाई, तुम्ही राहता कुठे ते आम्हाला माहीत आहे." तिने तेही लिहून घेतलं आणि विचारलं, "हेच तुमचं म्हणणं म्हणून देऊ का?" फोन आपटला गेला. फोन ठेवून ती सरळ बेसिनपाशी गेली आणि ओकली.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. मथळ्यात शिवीचा मागमूस नव्हता. आत वाक्य अवतरणात, पहिल्या शब्दाला एक अक्षर आणि रेघ, बाकी जसंच्या तसं. सहायकाचं उत्तरही होतं. खाली चौकटीत संपादकांच्या सहीने हे का छापतो आहोत ते, आणि काल 'अपशब्द' लिहिल्याने वाचकांना खरं कळलं नाही याची कबुली.

जपूनताई त्या दिवशी घरी राहिली. खिडक्या लावून घेतल्या. नवरा चेष्टा करायला गेला आणि तिचं तोंड बघून तोही कामावर गेला नाही. दारातली प्रत्येक चाहूल तिला मोटारसायकलची वाटत होती. संध्याकाळी मोबाइल वाजला तेव्हा ती दचकून उभीच राहिली. नवऱ्यानेच नंबर बघून फोन तिच्या हातात दिला.

इंजिनीअर होती. सुनावणीला सोबत एक माणूस आणायची मुभा होती, म्हणाली, म्हणून बाबा आले. सकाळी पेपर वाचल्यापासून ते एक शब्द बोलले नव्हते. चौकशी अधिकारी म्हणाले, बोला, काय म्हणाले साहेब? तिने पेपर टेबलावर ठेवला आणि म्हणाली, तुम्हीच वाचा. त्यांनी चष्मा चढवला, वाक्यापाशी आले आणि थांबले. पेपर शेजारच्याकडे सरकवला. त्याने पुढच्याकडे. कोणीच वाचेना.

"मग?" जपूनताईने विचारलं.

"मग बाबा उठले, काकू. पेपर घेतला आणि उभ्याने सगळं वाचलं. रेघेपाशीसुद्धा थांबले नाहीत. ती शिवी पूर्ण बोलले. आणि म्हणाले, ही माझी मुलगी आहे, हिने मला सांगितलं होतं काही नाही म्हणून."

निलंबनाचं अजून ठरलेलं नव्हतं, ते पुढच्या आठवड्यावर गेलं होतं.

"घरी नीट पोचलात ना दोघं?" जपूनताईने शेवटी विचारलं. "जपून राहा हं."

फोन ठेवून ती उठली, दारापाशी गेली आणि कुलूप ओढून बघितलं. मग पुन्हा एकदा ओढलं.