मांजरीच्या रीलमधलं गाणं

आमची मावशी बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायची आणि अर्धवट प्रश्नांची तिला भयंकर चीड होती. कोणी घाईघाईनं येऊन "गाडी आली का?" असं विचारलं, की ती शांतपणे म्हणायची, "खूप आल्यात. तुम्हाला कुठली हवी?" माणूस ओशाळून गावाचं नाव सांगायचा. मग मावशी वेळ विचारायची, फलाट सांगायची आणि पुढच्याकडे वळायची. तिचा हा खाक्या निवृत्तीनंतर घरातही चालू राहिला. मी नुसतं "चहा आहे?" विचारलं तरी माझी उलटतपासणी व्हायची.

अशा बाईनं इन्स्टाग्रामवर "गाणं कोणतं?" एवढीच कमेंट टाकावी, याला काय म्हणायचं!

रील होती धुण्याच्या टोपलीत झोपलेल्या एका लठ्ठ मांजरीची. मागे कोणीतरी माऊथ ऑर्गन वाजवत होतं. ती धून ऐकली आणि मावशीच्या हातातली भाजीची सुरी थांबली. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, रोज रात्री अंथरूण घालताना तीच धून गुणगुणायचे. एवढीच, दोन ओळींची. शब्द विचारले की म्हणायचे, "आठवत नाहीत गं," आणि त्यांना हमखास ठसका लागायचा. काकांना जाऊन तीन वर्षं झाली. पुढचं गाणं काय होतं, ते कळल्याशिवाय मावशीला आता चैन पडेना.

मी आधी गाणं ओळखणारं अ‍ॅप लावून पाहिलं. त्यानं हात टेकले. रीलखाली ऑडिओच्या जागी गाण्याचं नाव नव्हतं, नुसतं 'ओरिजिनल ऑडिओ' लिहिलेलं. म्हणून मावशीनं कमेंट टाकली. उत्तरं आली: "मांजरीचं." "म्याऊ." "मलाही हवंय." मग त्या "मलाही"खाली आणखी "मलाही"ची रांग लागली. रील टाकणाऱ्या मुलीनं एक लाल बदाम दिला आणि ती गायब झाली.

"लोक किती आगाऊ झालेत!" मावशी फणफणली.

मग तिनं रीतसर कमेंट लिहिली. सप्रेम नमस्कारापासून 'आपली विश्वासू'पर्यंत. मधे मांजरीच्या तब्येतीची चौकशीही होती. खरा प्रश्न इतका खाली होता, की तिथवर कोणी पोचलंच नाही. एकानं मात्र मनापासून उत्तर दिलं, "मांजरीला दूध देऊ नका."

मला राहवेना. "मावशी, तुझ्या खिडकीवर कोणी असं विचारलं असतं, तर तू काय केलं असतंस?"

"हाकलून दिलं असतं," ती तिरसटपणे म्हणाली. मग तिनं चष्मा पुसला, मोबाइल जवळ ओढला आणि एका बोटानं टाइप करायला लागली.

"मांजर कान हलवते तिथून सुरू होणारी माऊथ ऑर्गनची धून. अ‍ॅपला सापडली नाही. नाव माहीत नसलं तरी चालेल, याचा एखादा शब्द कोणाला येतो का? माझे मिस्टर रोज गुणगुणायचे, शब्द त्यांना आठवत नव्हते. ते आता नाहीत."

संध्याकाळपर्यंत तिथे जत्रा भरली. एकानं अंगाई सांगितली, दुसऱ्यानं भावगीत, तिसऱ्यानं दोघांना वेड्यात काढलं. मावशी प्रत्येक उत्तर त्या चालीत म्हणून बघायची आणि "बसत नाही" म्हणून निकाल द्यायची. मला आता भीती वाटायला लागली होती, की काहीच बसलं नाही तर हिला समजवायचं कसं.

आणि मग रीलवाल्या मुलीचं उत्तर आलं. "काकू, माऊथ ऑर्गन माझे आजोबा वाजवतायत. तुमची कमेंट त्यांना वाचून दाखवली. ते म्हणतात, हे गाणं नाहीच, रेडिओवरची जुनी जाहिरात आहे. ढेकणांच्या पावडरीची." खाली शब्द दिले होते:

ढेकूण गेले, झोप आली,
गादी पुन्हा अपुली झाली!

मावशीनं ते चालीवर म्हटलं. तंतोतंत बसलं. तिनं पुन्हा म्हटलं. मी तोंडावर ओढणी धरून हसू दाबत होते, पण मावशीनंच आधी खो-खो हसायला सुरुवात केली. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते हसण्याचं नाही हे मला कळत होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"त्याला शब्द येत होते," ती म्हणाली. "म्हणूनच ठसका लागायचा मेल्याला! अगं, मला वाटायचं प्रेमाचं गाणं आहे. तो ढेकणांचं म्हणायचा, आणि मी इतकी वर्षं लाजत होते!"