रद्द कुणी म्हणायचं

आमच्या सोसायटीत मी सेक्रेटरी झाले, कारण ते पद कुणालाच नको होतं. सांगलीत मिरजेच्या वाटेवर आमच्या दोन इमारती आहेत आणि दोन्ही इमारतींतले पुरुष एकमेकांशी इतके भांडलेले होते की तिसरं कुणीतरी हवं होतं. तेव्हा त्यांना बाई चालली. त्यातही खजिनदार भाऊजींना मी पहिल्या दिवसापासून खुपत होते. बँकेतून निवृत्त झालेला माणूस. माझ्या प्रत्येक कागदावर ते "बघतो" म्हणायचे आणि खरंच बघत बसायचे.

त्या वर्षी सोसायटीच्या वर्धापनदिनाला सगळ्यांनी मिळून जेवायचं ठरलं. भाऊजींच्या ओळखीचं एक मंगल कार्यालय होतं. मी ते सोडून दुसरं ठरवलं. ते स्वस्त होतं, उंचावर होतं आणि जेवणही मालकाचंच होतं. श्रावणात लग्नं नसतात, त्यामुळे कार्यालयं ओस पडलेली असतात आणि मालक भावात उतरतात. आमच्या मालकानंही हॉल आणि जेवण दोन्हींत सूट दिली. मसालेभात, अळूची भाजी, मठ्ठा आणि जिलेबी. निम्म्याहून जास्त रक्कम आगाऊ मागितली, ती मी भरली. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत अटी छापलेल्या होत्या. कार्यक्रम रद्द केल्यास आगाऊ रक्कम परत मिळणार नाही. तारीख बदलायची तर पंधरा दिवस आधी लेखी अर्ज, तोही हॉल मोकळा असेल तर. भाऊजींनी चष्मा लावून त्या अटी सभेत मोठ्यानं वाचल्या आणि म्हणाले, "वहिनी, हॉल तुम्ही निवडलाय. उद्या काही झालं तर पैसे तुमच्याकडून वसूल होतील, हे इतिवृत्तात लिहून घ्या." आणि ते मलाच लिहायला लावलं. माझा राग अजून गेलेला नाही.

मग कृष्णेला पूर आला.

माझं माहेर माणचं. तिकडे पाणी येतं ते टँकरनं. पुराची आम्हाला सवय नाही आणि त्याच्याशी कसं वागायचं हेही कळत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं, तळमजल्यावरच्यांनी सामान वर हलवलं, आणि पार्किंगमध्ये उभं राहून सगळे मला विचारायला लागले, "रविवारच्या जेवणाचं काय?" गावात लोकांच्या घरात पाणी शिरलंय आणि ह्यांना जेवणाची पडलीय. पण खरं सांगायचं तर मलाही तीच काळजी होती. पंधरा दिवस आधी अर्ज कुठून करणार होते मी? नदीनं मला पंधरा दिवस आधी कळवलं नव्हतं.

भाऊजी म्हणाले, "एक लक्षात ठेवा. तोंडातून 'रद्द' हा शब्द काढायचा नाही. आपण रद्द म्हणालो तर पैसे गेले. तो म्हणाला तर त्याला तारीख बदलून द्यावी लागेल." आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचं म्हणणं पटलं.

मी मालकाला फोन लावला.

"मालक, रविवारचं कसं काय?"

"कसं म्हंजे? हॉल तुमचाच हाय ताई. या की."

"आमच्याकडे रस्त्यावर पाणी आहे."

"मग येणार न्हाई म्हनता का?"

"तसं मी कुठं म्हटलं? तुमच्याकडे काय परिस्थिती आहे ते विचारतेय."

"आमच्याकडं काय हुतंय? आमी उंचावर हाय. सामान भरलंय, आचारी ठरलाय. तुमी आला न्हाई तर त्यो तुमचा प्रश्न."

त्यालाही तो शब्द माझ्या तोंडून हवा होता. शनिवारपर्यंत असेच फोन चालले. तो विचारायचा, "मग काय ठरलं ताई?" मी म्हणायची, "ठरलेलंच आहे की." आवाज दोघांचेही गोड आणि दोघांच्याही मनात शिव्या. शनिवारी संध्याकाळी तर तो म्हणाला, "पानं किती मांडू, सांगा." मी निर्लज्जपणे सांगितलं, "ठरलीत तेवढी मांडा." एकही माणूस जाणार नव्हता हे मला पक्कं माहीत होतं.

शेजारणीनं मात्र एक बातमी आणली. तिच्या भावाला त्या कार्यालयात नदीकाठच्या गल्ल्यांतली माणसं आणून ठेवलेली दिसली होती. मी उडालेच. म्हणजे हॉल भरलेला आहे, आणि हा बाबा मला "या की" म्हणतोय! आता त्याला रंगेहाथ पकडायचा. रविवारी दुपारी मी स्कूटी काढली. पुढचा रस्ता बंद होता, पण मागून, मिरजेकडून वळसा घालून जाता येत होतं. तेही मला आधीपासून ठाऊक होतं. फोनवर मी ते सांगितलं नव्हतं, एवढंच.

कार्यालयाच्या आवारात दोऱ्यांवर ओले कपडे वाळत घातले होते. लग्नाच्या स्टेजवर गाद्या, पेट्या, एक शिलाई मशीन. आणि हॉलमध्ये पंगती बसल्या होत्या. मी दारात उभी राहून मोबाईलवर फोटो काढणार, तेवढ्यात एका म्हाताऱ्या बाईनं मला हाताला धरून पानावर बसवलं.

"बस बाई. कवापासनं उपाशी हाईस? पाणी कुठवर आलं तुमच्यात?"

मी काय सांगणार? "गल्लीपर्यंत," म्हटलं.

"आमचं छपरापतूर गेलं," ती म्हणाली, आणि वाढणाऱ्याला तिनं हाक मारली. "हिला वाढ रं, आन् गरम बघून वाढ."

पानात मसालेभात पडला. मग अळूची भाजी. मठ्ठ्याचा पेला आला आणि शेवटी जिलेबी. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुरातल्या लोकांना खिचडी देतात, फार तर भात-आमटी. जिलेबी कोण तळत बसतं? हे माझं जेवण होतं. पदार्थ न् पदार्थ मी त्या मालकाशी घासाघीस करून ठरवला होता. खात्री करायला मी स्वयंपाकघरात गेले. आचारी घामाघूम होऊन जिलेबी पाडत होता. म्हणाला, "सोसायटीची आर्डर हुती. त्ये काय येत न्हाईत. मालक म्हनले, करा."

बाहेर आले तर भिंतीवर फ्लेक्स. मालक हात जोडून उभा. खाली मोठ्या अक्षरांत, पूरग्रस्त बांधवांसाठी भोजन सेवा, आणि त्याखाली त्याचं एकट्याचं नाव. तो पुढच्या निवडणुकीत वॉर्डातून उभा राहणार हे सगळ्या गावाला माहीत होतं. मी तरातरा त्याच्या ऑफिसात शिरले. मला राग आला की माझी सांगलीतली भाषा गळून पडते आणि माहेरची बाहेर येते.

"आवं मालक, आमी येणार न्हाई हे तुमाला ठाऊक हुतं. मग फोनवर नाटकं कशाला केली?"

"तुमाला बी ठाऊक हुतं की. तुमी का केली?"

मी आवाज चढवला. "आमचा अॅडव्हान्स पुढच्या तारखेला वर्ग करा."

"कसला अॅडव्हान्स? तुमची तारीख हुती, तुमचा माल हुता, जेवान झालं. आत्ता तुमीच जेवून आलाय. तोंडाला पाक लागलाय बघा."

मी पदरानं तोंड पुसलं. त्या क्षणी तो माणूस मला इतका नकोसा झाला की अंगाची लाही झाली. पण त्या लाहीतच मला सुचलं.

"बरं. जेवण आमचं म्हणता ना? मग त्या फ्लेक्सवर आमच्या सोसायटीचं नाव घाला. आत्ता. न्हाईतर मी बाहेर जाऊन त्या पंगतीला सांगते, जिलेबी कुणाच्या पैशाची हाय ते."

त्यानं दारातून पंगतीकडे बघितलं. पंख्याखाली पावती पुस्तकाची पानं फडफडत होती. मग त्यानं पेन उघडलं.

"तारीख कंची पायजे?"

"दसरा-दिवाळीच्या मधला रविवार. पितृपक्षातली गळ्यात मारायची नाही. भाव हाच, जेवण हेच."

त्यानं जुन्या पावतीवर लिहिलं, 'सदर आगाऊ रक्कम पुढील तारखेस वर्ग', खाली नवी तारीख टाकली, सही केली, शिक्का मारला. अर्जसुद्धा मागितला नाही. पावती हातात देताना मात्र सोडली नाही. "पर ताई, आजचं ह्ये कुठं बोलायचं न्हाई."

"न्हाई बोलणार," मी म्हटलं आणि पावती ओढून घेतली.

सोसायटीत माझी वाहवा झाली. भाऊजींनी पावती उलटून-पालटून बघितली आणि पहिल्यांदाच "बघतो" म्हणाले नाहीत. कसं जमवलं विचारल्यावर मी म्हटलं, "चांगली खरडपट्टी काढली." ते खोटं नव्हतं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही सगळे त्या हॉलमध्ये जमलो. स्टेज धुऊन पुसून झालं होतं, ओल्या कपड्यांच्या दोऱ्या गेल्या होत्या. अध्यक्षांनी मला न विचारता एक कार्यक्रम वाढवला होता. पुरात लोकांना गोडाधोडाचं जेवू घालणाऱ्या मालकांचा सत्कार. शाल, श्रीफळ, आणि ते सेक्रेटरींच्या हस्ते. मालकानं माझ्याकडे बघितलं. मी शाल उलगडून त्याच्या खांद्यावर टाकली. मनातून ती गळ्याभोवती आवळावी असं वाटत होतं. माईकवर तो म्हणाला, "माझ्या ऐपतीपरमानं केलं." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

पंगतीत भाऊजी माझ्या शेजारी बसले. माझ्याशी भांडण्याशिवाय ते कधी बोलत नसत. पानात जिलेबी आली तरी त्यांनी हात लावला नाही.

"वहिनी, मला झोप लागत नाही हल्ली," ते हळूच म्हणाले. "एवढा पूर आला, अख्खं गाव उघड्यावर पडलं, आणि आपण काय केलं? अॅडव्हान्स कसा वाचवायचा ते मी तुम्हाला शिकवत होतो. आपल्या सोसायटीनं कुणाला घोटभर चहा पाजला नाही. एक पंगत आपल्या नावची उठली असती तरी मला पुरलं असतं."

माझ्या तोंडात घास होता. सांगावंसं वाटलं, उठली होती हो भाऊजी, इथंच, ह्याच हॉलमध्ये. छप्पर बुडालेली एक म्हातारी आपल्या पानावर जेवली आणि तिनं मलाही जेवू घातलं. पण ते आता खरं नव्हतं. पैसे मी परत मिळवले होते. तारीख वर्ग झाली तेव्हाच ते जेवण खरोखर मालकाचं झालं, आणि फ्लेक्सवरचं खोटं मीच शिक्का मारून घेऊन खरं केलं.

"खा भाऊजी," मी म्हटलं. "गार होईल."